चेहरा आधीच दाखवला, मग ओळख परेड कसली?

प्रश्न : आमच्या अमळनेरजवळ जिनिंगच्या मुनीमजींना रात्री अडवून रोकड लुटली. संशयावरून माझ्या धाकट्या भावाला धरलं. दुसऱ्याच दिवशी यूट्यूबवरच्या एका बातमी चॅनलनं त्याचा उघडा चेहरा दाखवून ‘लुटारूची कबुली’ अशी बातमी चालवली. ओळख परेड अजून व्हायची आहे. चॅनलवर कोर्टाच्या अवमानाची केस करता येईल का?

उत्तर : ताई, येईल, पण भावाचा बचाव त्यावर उभा करू नका. आपल्याकडे ज्युरी नाही, निकाल न्यायाधीश देतात. त्यामुळे ‘बातमीनं न्यायाधीशांचं मत कलुषित झालं’ हा युक्तिवाद सहसा टिकत नाही. खरं नुकसान मुनीमजींच्या आठवणीचं होतं. अंधारात क्षणभर पाहिलेला चेहरा आणि मोबाइलवर दहादा पाहिलेला चेहरा यांची मनात सरमिसळ होते, आणि माणूस प्रामाणिकपणे चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो.

म्हणून आधी व्हिडिओ जपा. लिंक, टाकल्याची तारीख-वेळ आणि स्क्रीनशॉट घ्या, व्हिडिओ उतरवून ठेवा. कोर्टात तो दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल. चॅनलला आत्ताच फोन करून भांडू नका, व्हिडिओ काढून टाकतील आणि पुरावा जाईल.

मग परेडच्या आधीच वकिलांमार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या : आरोपीचा चेहरा अमुक तारखेला प्रसारित झाला, परेडच्या पंचनाम्यात ही हरकत नोंदवावी. भावानं परेडला नकार मात्र देऊ नये, नकाराचा अर्थ त्याच्याविरुद्ध काढला जाऊ शकतो. रांगेत त्याच्यासारखी दिसणारी किमान सहा माणसं असावीत, आणि आपली जागा त्यानं स्वतः निवडावी. पुढे उलटतपासणीत मुनीमजींना विचारायचं, व्हिडिओ कधी पाहिला? ‘परेडआधी पाहिला’ असं उत्तर आलं, तर ओळखीचं वजन बरंच उतरतं.

‘कबुली’चं म्हणाल, तर पोलिसांपुढची कबुली साक्ष अधिनियमाच्याच कलम २३ मुळे आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. तिच्या आधारे वस्तू सापडली, तर तेवढाच भाग वापरता येतो.

आता अवमान. १९७१ च्या कायद्याच्या कलम ३ नुसार फौजदारी खटला साधारणपणे दोषारोपपत्रानंतर ‘प्रलंबित’ धरतात, आणि चॅनलं याच फटीतून निसटतात. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये, सुशांतसिंह राजपूत प्रकरणाच्या वार्तांकनावर, तपास चालू असतानाची मीडिया ट्रायलही न्यायदानात ढवळाढवळ ठरू शकते असं सांगितलं. ओळख पटेल असा आरोपीचा फोटो आणि पोलिसांपुढची कबुली, दोन्ही टाळण्याजोग्या गोष्टींत तिथे मोडतात. पण तुम्हाला थेट अर्ज करायचा तर महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते, आणि मुदत एक वर्षाची.

बातम्याच बंद करा, असं मात्र मागू नका. अटक झाली, जामीन फेटाळला, हे छापायचा पत्रकाराला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या सहारा निकालानुसार प्रसिद्धी थोड्या काळापुरती पुढे ढकलता येते, तीही सुनावणीला खरा आणि मोठा धोका असेल तरच. परेड होईपर्यंत चेहरा दाखवू नये, एवढीच मागणी औरंगाबाद खंडपीठापुढे मांडता येईल.