तूट सेमिस्टरची, खड्डा सप्टेंबरचा

परदेशात शिकणाऱ्यांचे हिशेबाचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. आकडे ज्या त्या देशाच्या चलनात समजावेत.

तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवलं. जमेची बेरीज स्टायपेंड आणि पगारापेक्षा कितीतरी जास्त येते, खर्चही तसाच फुगलेला दिसतो. नेमकं काय धरायचं?

बँकेला तुमची कमाई कळत नाही, तिला फक्त आत आलेले आणि बाहेर गेलेले पैसे दिसतात. म्हणून स्टेटमेंटला आधी एक जादा रकाना जोडा आणि प्रत्येक ओळीपुढे तिचा प्रकार लिहा. बचत खात्यातून चालू खात्यात वळवलेले पैसे कमाईही नाहीत आणि खर्चही नाही, त्यांना ‘स्वतःचेच’ म्हणा आणि बेरजेतून काढा. क्रेडिट कार्ड वापरत असाल तर कार्डावरची खरेदी आणि महिन्याअखेर खात्यातून भरलेलं कार्डाचं बिल, यातलं एकच धरायचं. खर्च दुप्पट दिसण्याचं सर्वांत मोठं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे रूममेट्सचे पैसे. समजा, इंटरनेट आणि विजेचं २४० चं बिल तुमच्या खात्यातून गेलं आणि तिघांनी तुम्हाला प्रत्येकी ६० पाठवले. स्टेटमेंटवर २४० खर्च आणि १८० जमा दिसेल. ते १८० जमेत लिहू नका. वीजबिलाच्याच प्रकारात उणे खर्च म्हणून लिहा, म्हणजे तुमच्या नावावर ६० उरतील. परत केलेल्या वस्तूच्या रिफंडलाही हाच न्याय. ही साफसफाई केल्यावर उरणारी जमा स्टायपेंड आणि पगाराशी जुळलीच पाहिजे. जुळत नसेल तर कुठली तरी ओळ चुकीच्या प्रकारात गेली आहे.

ऑगस्ट ते डिसेंबरची तूट ९५० निघाली. घरून तेवढेच घेऊन आलो, तर ऑगस्टमध्येच खातं रिकामं झालं. माझं गणित चुकलं का? (भाडं ५५०, बाकी खर्च ३५०, स्टायपेंड ९०० दर महिन्याच्या ३० तारखेला, पण पहिला सप्टेंबरअखेर. पार्ट-टाइमचे सप्टेंबरमध्ये १८०, मग ३६०, ३६० आणि डिसेंबरमध्ये २००. ऑगस्टमध्ये फी आणि विमा मिळून ६००, घराची अनामत ५५०.)

गणित बरोबर आहे. जमा ४,७००, नावे ५,६५०, फरक ९५०. पण ही तूट ३१ डिसेंबरची आहे आणि तुम्हाला जगायचं होतं ऑगस्टमध्ये.

तारखांप्रमाणे चाला. ऑगस्टमध्ये भाडं, खर्च, फी, विमा, अनामत सगळं धरून २,०५० गेले आणि आलं काहीच नाही. सप्टेंबरमध्ये आणखी ९०० गेले, पगाराचे १८० आले. म्हणजे ३० सप्टेंबरला स्टायपेंड पडण्याच्या आदल्या क्षणी तुम्ही शून्याच्या खाली २,७७० होता. हा तुमचा सगळ्यात खोल खड्डा. पुढे दर महिन्याला तो भरत जातो आणि वर्षाअखेर ९५० वर येऊन थांबतो. पाच महिन्यांची तूट ९५० असली, तरी विमानातून उतरताना हाताशी २,७७० हवे होते. उरलेले १,८२० सेमिस्टर संपेपर्यंत परत जमतात. म्हणून ते देणाऱ्याला ‘उसने’ म्हणून सांगता येतात, ‘कमी पडले’ म्हणून नाही.

एक्सेलमध्ये हे काढायला फारसं काही लागत नाही. ओळी तारखेच्या क्रमाने लावा. बऱ्याच बँका ताजा व्यवहार वर देतात, तो क्रम उलटा करून घ्या, नाहीतर खड्डा भलत्याच तारखेला दिसेल. समजा, D रकान्यात रक्कम आहे, खर्च उणे चिन्हाने. E1 मध्ये 0 टाका, E2 मध्ये पहिलं सूत्र लिहून ते खाली ओढा. दुसरं सूत्र D आणि E रकाने सोडून कुठल्याही मोकळ्या चौकटीत चालेल:

```
=E1+D2
=MIN(E2:E200)
```

घरून आलेले पैसे मात्र या यादीतून वगळा. बँकेच्या स्वतःच्या शिल्लक रकान्यात ते मिसळलेले असतात, म्हणून तिथे खड्डा दिसतच नाही.

(त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न) जानेवारी ते मे मध्ये जमा ६,००० आणि खर्च ५,१००, म्हणजे ९०० उरतात. मग वर्षाची तूट फक्त ५०?

जून-जुलै कुठे गेले? तुमचा स्टायपेंड सप्टेंबर ते मे एवढाच असेल, तर त्या दोन महिन्यांत भाडं आणि खर्च मिळून १,८०० जातात आणि समोर काहीच नसतं. उन्हाळ्यात काम मिळालं नाही तर वर्षाची तूट १,८५०. सुट्टीला तिसऱ्या सेमिस्टरचा मान द्या आणि तिची वेगळी ओळ ठेवा. मे महिन्यातले ९०० शिल्लक समजून उडवायचे नसतात, त्यांनी जून काढायचा असतो.

यातले अनामतीचे ५५० घर सोडताना परत मिळायला हवेत. तरी ते ‘येणे’ या वेगळ्या प्रकारात ठेवा आणि हातात पडेपर्यंत कुठल्याही सेमिस्टरच्या जमेत घेऊ नका. घरमालक साफसफाईचे किती कापेल हे आधी कोणालाच ठाऊक नसतं.

पार्ट-टाइमचा पगार दर दोन आठवड्यांनी येतो. महिन्याला दोन पगार धरले तर चालेल ना?

कामचलाऊ म्हणून चालेल. दर १४ दिवसांनी पगार म्हणजे वर्षाला बहुधा २६ पगार, २४ नव्हे. दोन महिने असे येतात की तीन पगार पडतात आणि त्या महिन्यात आपण श्रीमंत झालो असं वाटतं. अंदाज करायचा असेल तर सेमिस्टरच्या कॅलेंडरवर पगाराच्या तारखांवर खुणा करा आणि मोजा. पाच महिन्यांत त्या १० किंवा ११ भरतील. काम सप्टेंबरच्या मध्यात सुरू झालं तर बऱ्याच कमी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पगार मागच्या तासांचा असतो. परीक्षेच्या दोन आठवड्यांत तुम्ही शिफ्ट सोडल्यात, तर त्या आठवड्यांत खातं भरलेलंच दिसतं. फटका पुढच्या पगारात बसतो, कधी कधी पुढच्या सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात, नेमकी फी भरायची असते तेव्हा. अनेक देशांत विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याच्या तासांना मर्यादा असते. तूट बघून ‘जास्त शिफ्ट घेतो’ असं कागदावर लिहिण्याआधी तुमच्या व्हिसाची मर्यादा बघा. आणि ताशी दराला तासांनी गुणून बजेट करू नका. करकपात होऊन खात्यात जे पडतं, तोच आकडा खरा.

बाबा पाठवतात ते पैसे उत्पन्नात लिहायचे का?

नाही. ते उत्पन्नात लिहिले की तूट शून्य दिसते आणि पुढच्या वेळी किती मागायचे हेच कळत नाही. आधी तूट, तिच्याखाली रेघ, रेघेखाली ‘घरून आले’. खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम लिहा, पाठवलेली नव्हे, कारण मधल्या बँकांचं शुल्क आणि दरातला फरक वाटेतच कापला जातो. ठरावीक शुल्क दर वेळी लागत असेल तर दरमहा थोडे मागवण्यापेक्षा खड्ड्याच्या तारखेआधी एकदाच मागवणं स्वस्त पडतं. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरला काही दिवस लागू शकतात, त्यामुळे तारीख तेवढी अलीकडे ओढा.