मशीन बिघडली की बरं वाटतं

"मॅडम, काम सोपं आहे, पगार वेळेवर येतोय, कोण त्रास पण देत नाही. तरी शिफ्ट संपता संपत नाही, आणि घरी येऊन दोन तास मोबाईल बघितला तरी उठताना डोकं जड. आळशी झालोय का मी? की माझ्यात काय बिघडलंय?"

बोलणारा एकोणतीस वर्षांचा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवरचा ऑपरेटर. आयटीआय टर्नर, आधी सात वर्षं साध्या लेथवर काढलेली. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, आणि लिहू का म्हणून त्याला विचारलंय.) माझ्याकडे टिळकवाडीत समुपदेशनाला येणाऱ्या दर चार-पाच माणसांत एकाचं तरी हेच रडगाणं असतं. बँकेतली बाई, शाळेतले सर, शहापूरकडचा पॉवरलूमवाला, शब्द तेवढे वेगळे.

पहिल्या भेटीत मी झोप, भूक, वजन विचारलं, आणि कशातच गोडी वाटत नाही असं आहे का तेही. हे आधी बघावंच लागतं, कारण दोन आठवड्यांच्या वर कशातच रस नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, त्याला डॉक्टर लागतो आणि खाली जे लिहिलंय ते तिथं पुरत नाही. याचं तसं नव्हतं. रविवारी क्रिकेट बघताना व्यवस्थित ओरडत होता.

मग मी एक चूक केली. म्हटलं, एखादा छंद लावून घ्या. तो म्हणाला, "होय की ओ मॅडम, करतो," आणि पुढच्या वेळी काहीच न करता आला. माझंच चुकलं, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास जिथं जातात ते सोडून मी उरलेल्या वेळाला मलमपट्टी करत होते.

दुसऱ्या भेटीत त्याच्या मोबाईलमध्ये व्हायब्रेशनवाले आठ अलार्म लावून दिले, रोज वेगवेगळ्या वेळेचे, एक आठवडा. अलार्म झाला की हातातलं काम झाल्यावर खिशातल्या वहीत चार गोष्टी लिहायच्या: काय करत होतो, ते किती अवघड होतं, मला ते किती जमतं, आणि मन कुठं होतं. अवघड आणि जमणं दोन्हीला दहापैकी मार्क. ही युक्ती माझी नाही, मिहाय चिकसेंटमिहाय नावाच्या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, आणि मी त्यांच्या पक्षातली आहे हे आधीच कबूल करते. साठच्या दशकात शिकागोत चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना बघताना त्यांच्या लक्षात आलं की ही पोरं चित्र काढताना भूक-तहान विसरतात, आणि चित्र पूर्ण झालं की ते भिंतीला टेकवून सोडून देतात. म्हणजे गोडी चित्र मिळण्यात नव्हती, काढण्यात होती. त्या तल्लीन अवस्थेला त्यांनी फ्लो म्हटलं. पुढे लोकांच्या खिशात पेजर देऊन दिवसातून आठेक वेळा वाजवायचा आणि त्या क्षणाचं लिहून घ्यायचं, असा अभ्यास त्यांनी केला.

आठवड्यानं वही आली. मशीनवर असताना बहुतेक ठिकाणी अवघड २, जमणं ९, मन "कुठं पण". मोबाईलवर असताना अवघड १, जमणं २ की ३ कळत नाही, मन "नाही". हे अपेक्षित होतं. गुरुवारच्या पानावर मात्र दुपारच्या रकान्यात लिहिलं होतं: "अलार्म कळला नाही. इन्सर्ट तुटला होता. अवघड ७, जमणं ७."

मी म्हटलं, "गुरुवारी काय झालं ते सांगा की जरा."

तो खुर्चीत पुढं सरकला. इन्सर्ट म्हणजे टूलच्या टोकाचं कापणारं पातं, ते तुटलं, जॉबवर, म्हणजे कापायला लावलेल्या तुकड्यावर ओरखडा आला, मशीन लावून देणारा सेटर रजेवर, सुपरवायझर मीटिंगात. यानं स्वतःच नवा इन्सर्ट बसवला, टूलचं टोक कुठं आहे ते मशीनला सांगणारा आकडा, म्हणजे ऑफसेट घेतला, पहिला जॉब मोठा आला, दुसरा बरोबर. पाऊण तास गेला आणि याला वाटलं दहा मिनिटं झाली. सांगताना हात हवेत जॉब धरणारा चक फिरवत होते. आणि मध्येच गप्प झाला.

"मॅडम, म्हणजे मला बरं वाटायला मशीन बिघडायला लागतंय का?"

लाज वाटली होती त्याला. मला मात्र आनंद झाला, खोटं कशाला सांगू, कारण तीन भेटी मी जे शोधत होते ते त्यानंच टेबलावर आणून ठेवलं. बिघाड झाला की त्याच्या हातात एकदम तीन गोष्टी येत होत्या: काय करायचं ते स्पष्ट, जमेल न जमेल असं अवघड, आणि केल्याकेल्या कळतं की बरोबर आलं का चुकलं. एरवीच्या दिवशी तो जॉब लावायचा, सायकल स्टार्ट दाबायचा, पन्नास सेकंद काचेतून बघायचा, काढायचा. शिफ्टला साडेतीनशे-चारशे वेळा. माप क्वालिटीवाला तासाभरानं येऊन घेणार, चुकलं तर तो सांगणार. साध्या लेथवर मात्र याचे कान काम करायचे, टूल बोथट झाला की आवाज बदलतो, हँडव्हीलला हाताला कळतं. ते सगळं काचेआड गेलं होतं.

इथं लोक एक घोटाळा करतात, मीही सुरुवातीला करायचे. त्यांना वाटतं आव्हान आणि कौशल्य जुळलं की झालं. पण सोप्या कामाला थोडंच कौशल्य लागतं, जुळलंच की ते पण, तरी त्यातनं सुस्तीच येते. रील बघणं हे त्यातलंच. दोन्ही गोष्टी आपल्या नेहमीच्या पातळीच्या थोड्या वर पाहिजेत, तेव्हा सगळं लक्ष कामाला लागतं, आणि "माझं कसं होणार, मी आळशी का" हे स्वतःभोवती फिरणारं बोलणं चालायला डोक्यात जागाच राहत नाही. बरं वाटतं त्यातला मोठा भाग या गप्प होण्याचा आहे असं माझं मत आहे. गंमत म्हणजे त्या वेळी माणूस खुश वगैरे नसतो, त्याला खुश आहे की नाही बघायला वेळच नसतो, समाधान नंतर हात पुसताना येतं. चिकसेंटमिहाय आणि एका सहकाऱ्याचा १९८९ चा अभ्यास आहे, त्यात नोकरदार लोकांना असे भरगच्च क्षण फावल्या वेळेपेक्षा कामावर जास्त मिळत होते, आणि तरी कामावर असताना त्यांना वाटत होतं की आपण इथं नसावं. म्हणून नुसतं मनाला विचारून भागत नाही, वही लागते.

आता रोज इन्सर्ट तोडून तर चालणार नाही. मी विचारलं, "मापाचं तुम्हाला आधी कळायची काही सोय आहे का?" मायक्रोमीटर होता, डिजिटल, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग दाखवणारा, ड्रॉवरमध्ये पडून. मग ठरलं असं: दर दहाव्या जॉबला माप घ्यायचं, पण घ्यायच्या आधी अंदाज वहीत लिहायचा. पिन २५ मिलिमीटरचा, २५.००० ते २४.९७९ च्या आत पाहिजे, म्हणजे खेळायला एकवीस मायक्रॉन. इन्सर्ट झिजला की बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो, तेव्हा अंदाजाला आधार आहे, तो आकड्यांचा जुगार नाही. सुपरवायझरला विचारूनच हे केलं, आणि ऑफसेटला हात लावायचा नाही असं सुरुवातीला ठरलं.

पहिल्या दिवशी अंदाज २४.९९१, माप २४.९८४. सात मायक्रॉन चुकला आणि म्हणे दिवसभर राग आला. राग आला हे ऐकून मला बरं वाटलं, महिन्यांनंतर त्याला कामाबद्दल काहीतरी वाटलं होतं.

चार दिवसांनी एक कोडं पडलं. अंदाजापेक्षा माप मोठं येतंय, पण थोड्या वेळानं तोच जॉब मोजला तर लहान. त्यानं स्वतःच शोधून काढलं की तो गरम जॉब मोजत होता. २५ मिलिमीटरचा स्टीलचा पिन वीस अंशांनी गरम असला तर साधारण सहा मायक्रॉन फुगलेला असतो. मग जॉब थंड होऊ द्यायला लागला, आणि सकाळी मशीन थंड असताना पहिल्या तासात माप कसं सरकतं त्याची वेगळी पानं झाली. ही पानं मी बघितली, मला त्यातलं अर्धं कळलं नाही, पण अक्षर सुधारलं होतं.

दोन महिन्यांनी सुपरवायझरनं वही बघितली आणि सरळ त्याला सेटर केलं. आणि माझा गडी उलट्या दिशेनं पडला. रात्री झोप नाही, टूल चकवर आदळेल, मालक काय म्हणेल, छातीत धडधड. फोनवर म्हणाला, "मॅडम, आधीचं बरं होतं." बोर होणं आणि घाबरणं, एकाच काट्याची दोन टोकं आहेत ही. तिकडं काम कौशल्याच्या खाली गेलं होतं, इकडं एकदम डोक्यावरून.

त्याला मी धीर दिला नाही, धीरानं टूल थांबत नाही. विचारलं, "आदळायची भीती नेमकी कधी वाटते?" "नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना." "मग तेवढंच हळू चालवायची काही सोय असते का?" हसला, कारण ते त्याला माहीतच होतं, घाईत सोडून दिलं होतं. आधी जॉब न लावता ड्राय रन. मग सिंगल ब्लॉक, म्हणजे एक ओळ चालली की मशीन थांबते, बटण दाबल्यावर पुढची. रॅपिड, म्हणजे न कापता टूल धावतो तो वेग, २५ टक्क्यांवर. प्रत्येक ओळीला थांबून पडद्यावरचं उरलेलं अंतर आणि डोळ्याला दिसणारं अंतर जुळतंय का बघायचं. म्हणजे मोठ्या भीतीचे ओळीएवढे तुकडे, आणि दर तुकड्याला लगेच उत्तर. पहिले तीन आठवडे जुन्या, माहितीतल्या जॉबचंच सेटिंग करायचं एवढं त्यानं मागून घेतलं. मागून घेणं त्याला सगळ्यात जड गेलं.

इथं एक सांगून ठेवते. सगळ्यांना अशी वही चालत नाही. जिथं लघवीला जायला परवानगी लागते तिथं माणसाला "कामात रमा" म्हणणं मला जमत नाही, तिथं मी दुसरी नोकरी बघायचंच बोलते. आणि रमीच्या ॲपमध्ये पण माणूस तल्लीन होतो, जेवण विसरतो, तेवढ्यावरून ते चांगलं ठरत नाही. रमून उठल्यावर हाताला काल येत नव्हतं ते आज येतंय का, एवढं मी विचारते.

शेवटच्या भेटीला तो जुलैच्या पावसात तिसऱ्या गेटच्या ट्रॅफिकमध्ये अडकून अर्धा तास उशिरा, भिजून आला. तक्रार घेऊन आला होता. "मॅडम, पिनचा अंदाज आता दोन-तीन मायक्रॉनच्या वर चुकत नाही. परत बोर व्हायला लागलंय." मी काही बोलायच्या आधीच पुढं म्हणाला की सोमवारपासून नवा जॉब घेतलाय, बाहेरचा व्यास नाही, आतलं भोक, बोअर गेजनं मोजायचं. पहिला अंदाज चौदा मायक्रॉन चुकला, आणि तो पण उलट्या बाजूला.

"बाहेरून टर्निंगला टूल झिजला की माप वाढतं. बोअरला टूल झिजला की भोक लहान होत जातं. माझा हात अजून वाढवूनच लिहितोय ओ," म्हणाला, आणि वही काढून पान दाखवायला लागला, पानं भिजून एकमेकांना चिकटली होती.