कॅम्पातली रँडम शुगर कशी वाचायची

अगं, कॅम्पात कुठल्याही वेळी बोटातनं घेतलेल्या शुगरचा २३० आकडा बघून लगेच कुणाला शुगर झाली म्हणून सांगू नकोस. आधी विचार, शेवटचं काय आणि कधी खाल्लं, आणि हात बघ. तासगावकडं द्राक्षाच्या दिवसात माणसं बागेतनं तशीच येतात, बोटाला रस चिकटलेला असतो आणि तोच रस पट्टीवर जाऊन आकडा फुगतो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं तो नीट जात नाही, साबणानं हात धुवून, पूर्ण कोरडे करून दुसऱ्या बोटातनं परत घ्यायचं. असंच एकांचं २३० चं १२८ झालेलं.

पण धुतल्यावरपण १४० किंवा वर आलं तर लॅबला पाठवायचंच, म्हणजे सकाळी उपाशीपोटी शिरेतलं रक्त, नाहीतर गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी. जेवून तासभरच झालाय आणि १६० आलंय तर ते नॉर्मलपण असू शकतं, तरी तपासणी सोडायची नाही. २०० च्या वर आणि सोबत सारखी तहान, रात्री लघवीला उठणं, वजन उतरणं असेल तर मधुमेहच धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडं. आणि ३०० च्या पुढं किंवा मीटरवर HI, म्हणजे मीटरला मोजता येणार नाही इतकी जास्त, आलं किंवा उलट्या, धाप, गुंगी असली तर लॅबची वाट बघायची नाही, थेट दवाखान्यात न्यायचं.