महिनाअखेरचे फोन

प्रश्न: माझी शाळेपासूनची मैत्रीण हल्ली भेटली की हेल्थ पावडरचाच विषय काढते. तीनदा घेतली, आता नको आहे. मैत्री न तोडता तिला कसं सांगू? आम्ही दोघी म्हापशाच्या.

मी फोंड्याची. माझ्या मैत्रिणीला हेच सांगायला मला चौदा महिने लागले आणि तोवर साधारण एकोणीस हजार रुपयांचे डबे घरी येऊन पडले होते.

आधी एक लक्षात घ्या. तुम्ही आजवर दिलेली कारणं तिला मीटिंगमध्ये आधीच शिकवलेली असतात, आणि प्रत्येकावर उत्तरही तयार असतं. मी म्हटलं "या महिन्यात हात अडकलाय", तर ती म्हणाली "पैसे पुढच्या महिन्यात दे". "ह्यांना विचारते" म्हटलं, तर "भाऊजींना घेऊन रविवारच्या मीटिंगला ये गो". म्हणजे कारण दिलं की विषय संपत नाही, पुढच्या तारखेवर जातो. म्हणून कारण देऊच नका.

दुसरं, वेळ. तिचे फोन 27-28 तारखेनंतर वाढतात का, ते बघा. बहुतेक अशा धंद्यांत महिन्याच्या खरेदीचे पॉइंट महिनाअखेरीला मोजतात. आकडा गाठला नाही तर त्या महिन्याचं कमिशन हुकतं, आणि वरची अपलाइन, म्हणजे तिला यात जोडून घेणारी बाई, तिच्या मागे लागलेली असते. त्या दिवसांत तुम्ही काहीही सांगा, तिला फक्त एक ऑर्डर गेली एवढंच ऐकू येईल. 5-6 तारखेला बोला. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नको. माझा एक लांबलचक मेसेज तिने तसाच अपलाइनला पाठवला होता, आणि मला उत्तर आलं ते त्या बाईंनी लिहून दिलेलं. वाचताक्षणी कळलं, कारण माझी मैत्रीण मला कधीच "डिअर" म्हणत नाही.

शेवटी आम्ही दोघी म्हार्दोळला देवीच्या दर्शनाला गेलो होतो, तेव्हा देवळाच्या आवारात बसून मी बोलले. शब्द जवळजवळ असे होते: "तुला एक सांगायचं आहे. यापुढे मी तुझ्याकडून काही घेणार नाही आणि जॉइनही होणार नाही. आत्ता नाही, पुढेही नाही. तू हे काम कर, माझं काही म्हणणं नाही. पण आपण दोघी बोलतो त्यात मला ते नको. मला तू नुसती यायला हवी आहेस."

तिने विचारलं, "पावडर चांगली नाही म्हणतेस?" इथे पाय घसरतो. पावडरीवर किंवा कंपनीवर एक शब्द बोललात तर वाद तिथेच अडकतो, कारण त्यात तिचे स्वतःचे पैसे गेलेले असतात. मी एवढंच म्हटलं, "पावडरीचा विषयच नाही गो."

ती बराच वेळ हातातल्या जायांच्या माळेची एकेक कळी दाबत बसली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तुझी आयडी बंद पडणार."

माझी आयडी! दुसऱ्या डब्याच्या वेळी "सवलत मिळेल" म्हणून तिने माझं आधार आणि पॅन घेतलं होतं. मी गिऱ्हाईक नव्हते, तिच्या खालची विक्रेती म्हणून नोंदलेली होते. तुम्हीही कागद दिले असतील तर हे आधी तपासा. मी कंपनीला ईमेल करून माझी नोंदणी लेखी रद्द करून घेतली आणि ते उत्तर जपून ठेवलं आहे. नवीनच नोंदणी झाली असेल तर अधिक सोपं: 2021 च्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनुसार करार केल्यावर ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडता येतं. "अजून चार जणी आण, तुझे पैसे सुटतील" असं सांगून विकणंही त्याच नियमांत मना आहे. हे तुमच्या माहितीसाठी. मैत्रिणीच्या तोंडावर फेकू नका.

त्यानंतर पाच आठवडे तिचा फोन नव्हता. मी वाईट वाटून एक डबा मागवणार होते, तो मागवला नाही हे बरं झालं. "शेवटचा एक" घेतला असता तर पुन्हा तिच्या यादीत गेले असते. चवथीच्या आधी मीच माटोळीच्या सामानाला बाजारात जाऊया म्हणून फोन केला. ती आली. एकदा विषय निघालाच, तेव्हा मी "ते आपलं ठरलंय ना" एवढंच म्हणून नारळ निवडत राहिले.

नंतर तिच्याकडे गेले तेव्हा कपाटात अकरा डबे दिसले. आकडा गाठायला तिने स्वतःच घेतलेले. करार काढून आम्ही परतीची अट वाचली. सीलबंद सहा परत गेले, बाकीच्यांची मुदत टळली होती. हे कपाट तिने मला दाखवलं, कारण तोवर मी तिची गिऱ्हाईक राहिले नव्हते.