मुलाला शाळेचे बूट घेताना पाऊल कसं मोजायचं आणि वाढीसाठी किती मोठे घ्यायचे?

सर्वांत लांब बोटापुढे साधारण 1.2 सेंमी जागा ठेवा. संध्याकाळी शाळेचे मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून मुलाला कागदावर उभं करा. बसल्यावर पाऊल आखूड भरतं. दोन्ही पावलं मोजा आणि मोठं धरा: 19.4 आणि 19.8 सेंमी आलं, तर बूट आतून 21 सेंमी हवा. अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघण्यावर विसंबू नका, मुलं बोटं आखडून घेतात. त्यापेक्षा आतला सुटा तळ काढून त्यावर उभं करा, जागा सरळ दिसते. मात्र ‘वर्षभर पुरतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेतले, तर टाच निसटते आणि पाऊल पुढे घसरून बोटं टोकावर आदळतात.