सरांना ‘नाही’ कसं कळवायचं?

“मॅडम, पुण्याच्या सरांनी प्रोजेक्टवर जागा देऊ केलीय. पीएचडीही त्यांच्याकडेच करायची असं बोलणं झालं होतं. आता जेआरएफ फेलोशिपवर हैदराबादला पीएचडीला प्रवेश मिळालाय. सरांना नाही कसं सांगू? डूख तर धरणार नाहीत ना?”

विट्याहून सांगलीला आलेल्या या मुलीने (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत) मेलचा मसुदा लिहूनच आणला होता. चांगला लांबलचक. त्यात वडिलांचं आजारपण होतं, आणि ठणठणीत वडील बाहेर बाकावर पेपर वाचत बसले होते! ते वाक्य मी सगळ्यात आधी खोडायला लावलं. एकाच विषयातले लोक परिषदांना भेटतात, एकमेकांचे प्रबंध तपासतात. हैदराबादची बातमी सरांपर्यंत पोहोचणारच.

मग कागद पाहिले. जेआरएफ ज्यातून मिळते त्या नेट परीक्षेच्या नुसत्या निकालावर नकार कळवू नये, कारण फेलोशिप सुरू होते ती संस्थेत रुजू झाल्यावर. तिच्याकडे जेआरएफचं पत्र होतं, प्रवेशपत्र होतं, फीही भरून झाली होती. म्हणजे थांबायचं काही कारण उरलं नव्हतं. ती मात्र म्हणत होती, “सरांचा मूड बघून पुढच्या आठवड्यात सांगते.”

अगं, तोच आठवडा सरांना महागात पडतो. प्रोजेक्टमधल्या माणसाचं मानधन प्रोजेक्टच्या मंजूर मुदतीपुरतंच असतं. जागा रिकामी राहिली की काम मागे पडतं आणि प्रतीक्षायादीतला मुलगा दुसरीकडे रुजू होतो. शिवाय यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात. सरांनी तुझ्यासाठी जागा धरली असेल, तर ती कुणाला तरी नाकारून धरलेली असू शकते.

बोलणं फोनवर झालेलं, म्हणून आधी फोन आणि लगेच मेल, असं ठरलं. मेल इंग्रजीत गेली. मजकूर असा:

“आदरणीय सर, आपण देऊ केलेल्या जागेबद्दल मनापासून आभार. मला जेआरएफ मिळाली असून हैदराबादला पीएचडीसाठी प्रवेश घेतला आहे. त्यामुळे ही जागा स्वीकारू शकत नाही. पुढच्या उमेदवाराला वेळेत बोलावता यावं म्हणून आजच कळवते आहे. मुलाखतीत आपण माझ्या प्रयोगातली जी चूक दाखवलीत, ती मी दुरुस्त केली आहे.”

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं, म्हणून राहू दिलं. “पुढे संधी मिळाली तर नक्की येईन” हे काढलं, कारण त्याने उगाच आशा लागते. प्रोजेक्टचे पैसे प्रोजेक्टबरोबर संपतात, जेआरएफ तिच्या नावावर असते, हे खरं कारणही मेलमध्ये घातलं नाही. ते वाचून “मी मुदत वाढवून घेतो” असं सर म्हणाले असते आणि घासाघीस सुरू झाली असती.

उत्तर आलं ते एका ओळीचं: “नोंद घेतली, शुभेच्छा.” ती पुन्हा घाबरली. मी म्हटलं, प्रोजेक्ट चालवणारी माणसं अशीच लिहितात. आता तुला शिफारसपत्र देणाऱ्या कॉलेजच्या मॅडमना कळव. त्यांना हे पुण्याहून कळायला नको.