ब्राह्मी लिपी कोणालाच वाचता येत नव्हती, मग ती उलगडली कशी आणि इतिहासात काय बदललं?

सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरच्या छोट्या लेखांमुळे. बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात, हे १८३७ साली इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेपच्या लक्षात आलं. भाविकांनी दिलेल्या दगडांवर शेवटी 'दानं' असणार, असा त्याने कयास बांधला. 'दानं'च्या आधी वारंवार येणारं अक्षर षष्ठीचा 'स' ठरलं, म्हणजे 'अमक्याचं दान'. मग बाकीची अक्षरं भराभर जुळली.

दिल्लीच्या स्तंभावर 'देवानंपिय पियदसि' हे नाव निघालं. प्रिन्सेपला तो आधी सिंहलचा, म्हणजे श्रीलंकेचा राजा वाटला. तो अशोक आहे, हे श्रीलंकेतल्या जॉर्ज टर्नर या इंग्रज अधिकाऱ्याने पाली ग्रंथावरून दाखवलं. माझ्या मते सर्वांत मोलाचा अशोकाचा तेरावा शिलालेख. त्यात समकालीन ग्रीक राजांची नावं आहेत आणि त्यांचा काळ माहीत आहे, त्यामुळे अशोकाचा काळ इ.स.पू. तिसऱ्या शतकात पक्का बसला आणि मौर्यकाळाच्या कालगणनेला भक्कम आधार मिळाला.